ताईचं बाळ, दोन जुने फोन आणि एक वायर

ताई बाळंतपणासाठी माहेरी आलीय. बाळ वरच्या खोलीत झोपतं आणि स्वयंपाकघर खाली. मग दर पाच मिनिटांनी कुणीतरी जिना चढून ‘उठला का रे?’ बघून येतं. असं तुमच्या घरी चालू असेल, तर कपाटातले दोन जुने ॲण्ड्रॉइड फोन बाहेर काढा. बेबी मॉनिटर विकत घ्यायची गरज नाही. मात्र हा कॅमेरा बाळाच्या खोलीत, म्हणजेच ताईच्याही खोलीत चालू राहणार आहे. तिथली दृश्यं घराबाहेर जाता कामा नयेत.

आधी फोन रिकामे करा. जुन्या फोनला सिक्युरिटी अपडेट येणं कधीच बंद झालेलं असतं, त्यामुळे त्यात चोरण्यासारखं काही नसलेलंच बरं. सेटिंग्जमधून जुनं गुगल अकाउण्ट काढा, मग फॅक्टरी रीसेट. (अकाउण्ट न काढता रीसेट मारला, तर फोन परत तोच जुना पासवर्ड मागत बसू शकतो आणि तो कुणालाच आठवत नसतो!) सिम घालू नका. ॲप घ्यायला एक वेगळं, कोरं अकाउण्ट उघडा.

आता ॲप कुठलं? ‘बेबी मॉनिटर’ असं शोधलं तर ढिगानं मिळतात, पण त्यातली बरीच ॲप्स चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात आणि तिथून ते आपल्याला परत मिळतं. मला बरं वाटलं ते IP Webcam. बाळाच्या खोलीतल्या फोनवर ते टाका. Local broadcasting मध्ये जाऊन Login/password आधी भरा, क्लाउडचा पर्याय बंद ठेवा आणि मग Start server दाबा. स्क्रीनवर पत्ता दिसेल, साधारण असा:

```
http://192.168.1.7:8080
```

दुसरा फोन त्याच वायफायवर घ्या आणि हा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. चित्र आणि आवाज वेगवेगळे सुरू करावे लागतात. आवाज विसरू नका, रडणं आधी ऐकूच येतं.

पान उघडलंच नाही तर बहुधा एक फोन ‘गेस्ट’ वायफायवर असतो, तिथे फोन एकमेकांना दिसत नाहीत. आणि लाईट जाऊन आली की राउटर नवा पत्ता देऊ शकतो. मग शेवटचा आकडा वरच्या फोनवर पुन्हा बघायचा.

आता प्रायव्हसीची परीक्षा. राउटर चालूच ठेवा, फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा. (फायबर असेल तर जपून, टोकाला धूळ लागू देऊ नका.) चित्र चालू राहिलं, तर ते आपल्यापर्यंत घरातल्या घरातूनच पोचतंय. थांबलं, तर ते बहुधा बाहेर जाऊन परत येत होतं, मग ॲपची जाहिरात काहीही म्हणो. परीक्षेच्या वेळी फोनमध्ये सिम असेल तर तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि निकाल फसतो. म्हणून सिम नको.

मग सेटिंग्जमध्ये ॲपच्या परमिशन बघा. कॅमेरा आणि माइक लागणारच. लोकेशन, कॉण्टॅक्ट्स कशाला? नाही म्हणा. ॲण्ड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर कॅमेरा किंवा माइक चालू असताना वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. सर्व्हर बंद केल्यावरही ती राहिली, तर कोण वापरतंय ते शोधा.

एक कच्ची बाजू उरतेच. पत्ता http नं सुरू होतो, म्हणजे घरच्या वायफायवर पासवर्ड उघडाच फिरतो. वायफायचा पासवर्ड शेजारच्या दादाला, केबलवाल्याला, सगळ्यांना दिला असेल तर आज बदला. आणि ऑफिसातून बाळ बघायला म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग तर मुळीच करू नका. त्यानं तो पत्ता सगळ्या जगाला उघडा होतो.

फोन पाळण्यात किंवा गादीवर ठेवायचा नाही. तो आणि त्याची चार्जरची वायर बाळापासून किमान तीन फूट लांब हवी. जुनी बॅटरी सतत चार्जिंगवर तापते. पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीन उचलल्यासारखी वाटली तर तो फोन बादच.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गोठलेलं चित्र. फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो आणि खाली आपल्याला शांत झोपलेलं बाळ दिसत राहतं. त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. शिवाय आमच्याकडे एक जुगाड आहे. सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ चित्रात येईल असा फोन ठेवलाय. काटा थांबला की आई आधी जिना चढते, मग मला हाक मारते.