डायगोनल स्प्रेड : संथ चढ आणि झिजणारा प्रीमियम

ऑप्शनच्या बाजारात काळ हा विकत घेणाऱ्याच्या विरोधात आणि विकणाऱ्याच्या बाजूने काम करतो, हे सर्वश्रुत आहे; परंतु हा काळ सर्व ऑप्शनांना सारख्या वेगाने झिजवत नाही, आणि नेमक्या या असमानतेवर डायगोनल स्प्रेड उभा असतो. एकाच निर्देशांकावरचा दूरच्या मुदतीचा, कमी स्ट्राइकचा कॉल विकत घ्यायचा आणि त्याच वेळी जवळच्या मुदतीचा, अधिक स्ट्राइकचा कॉल विकायचा, अशी ही दुहेरी रचना आहे. कॉल म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी करण्याचा हक्क, ती ठरलेली किंमत म्हणजे स्ट्राइक, आणि त्या हक्कासाठी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम. स्ट्राइक आणि मुदत या दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्यामुळे या रचनेत दिशेचा अंदाज आणि काळाची झीज एकत्र गुंफले जातात.

भारतात या रचनेचे सर्वांत सोयीचे क्षेत्र म्हणजे मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरील निफ्टी 50 निर्देशांकाचे ऑप्शन. फेब्रुवारी 2019 पासून निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन सुरू झाल्यामुळे मासिक कॉल हाती ठेवून आठवड्या-आठवड्याचे कॉल विकणे शक्य झाले, आणि नोव्हेंबर 2024 पासून सेबीने प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवू दिल्यावर या एक्स्चेंजवर ती सोय निफ्टीपुरतीच उरली. सप्टेंबर 2025 पासून ही मुदत मंगळवारी संपते. हे ऑप्शन युरोपीय पद्धतीचे असून त्यांची पूर्तता रोखीने होते. त्यामुळे विकलेल्या कॉलचा हक्क समोरच्याने मुदतीआधीच बजावण्याची धास्ती येथे नसते.

रचनेचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. निफ्टी 25,000 वर आहे, वार्षिक अस्थिरता 12 टक्के आणि व्याजदर 6 टक्के आहे असे गृहीत धरून ब्लॅक-शोल्स सूत्राने प्रीमियम काढले, तर 28 दिवसांच्या मुदतीचा 24,800 स्ट्राइकचा कॉल सुमारे 510 अंकांना पडतो आणि 7 दिवसांच्या मुदतीचा 25,300 स्ट्राइकचा कॉल सुमारे 65 अंकांना विकला जातो. निव्वळ खर्च 445 अंकांचा होतो. एका लॉटमध्ये 65 नग धरले, तर ही रक्कम 28,925 रुपये भरते. दोन स्ट्राइकमधले अंतर 500 अंकांचे आहे, आणि निव्वळ खर्च या अंतराहून कमी असणे ही या रचनेची पहिली कसोटी होय, कारण बाजार कितीही उसळला तरी दोन कॉलच्या मूल्यांतला फरक व्यवहारतः त्या अंतराखाली जात नाही.

आता पहिला आठवडा संपताना निफ्टी जिथल्या तिथे, म्हणजे 25,000 वरच राहिला, तर काय घडते ते पाहावे. विकलेला कॉल निरर्थक होऊन त्याचे पूर्ण 65 अंक विक्रेत्याला मिळतात. परंतु त्याच आठवड्यात मासिक कॉलही 510 वरून सुमारे 451 वर उतरलेला असतो. हाती राहतो तो केवळ 6 अंकांचा नफा, जो दलाली आणि करात सहज विरून जातो. काळाच्या झिजेवर घरबसल्या उत्पन्न मिळते, ही या रचनेविषयीची लोकप्रिय समजूत येथेच अपुरी ठरते. विकलेल्या कॉलची झीज मुख्यतः विकत घेतलेल्या कॉलची झीज भरून काढते. खरी कमाई दिशेतून येते.

निफ्टी त्या आठवड्यात संथपणे चढून मुदतीच्या दिवशी 25,300 वर बंद झाला, तर मात्र चित्र पालटते, कारण विकलेला कॉल तेव्हाही निरर्थक होतो आणि मासिक कॉल सुमारे 670 वर पोहोचलेला असल्याने 225 अंकांचा नफा दिसतो. हाच या रचनेचा सर्वोच्च बिंदू. निफ्टी 26,000 वर झेपावला, तर विकलेल्या कॉलपोटी 700 अंक द्यावे लागतात, मासिक कॉल सुमारे 1,297 चा होतो आणि नफा 152 अंकांवर येतो. म्हणजे वेगवान तेजीत नफा वाढण्याऐवजी आटतो. उलट निफ्टी 24,500 वर घसरला, तर मासिक कॉल 188 चा उरतो आणि 257 अंकांचे नुकसान होते. ही रचना बाजाराच्या चढण्यापेक्षा त्याच्या संथ चढण्यावर लावलेली पैज आहे, हे या आकड्यांतून उघड होते.

दुसरा धोका अस्थिरतेचा आहे आणि तो सहजासहजी नजरेत भरत नाही. मुदत जितकी दूर, तितका प्रीमियम अस्थिरतेच्या अंदाजाला अधिक संवेदनशील असतो. त्यामुळे निफ्टी 25,000 वर स्थिर असताना मासिक कॉलच्या प्रीमियममध्ये अंतर्भूत असलेली अस्थिरता 12 वरून 10 टक्क्यांवर आली, तर त्या कॉलची किंमत 451 ऐवजी सुमारे 407 होते आणि 6 अंकांचा नफा 38 अंकांच्या तोट्यात बदलतो. निर्देशांक हललेला नाही, विकलेला कॉल संपला आहे, तरीही खाते लाल दिसते, तेव्हा कारण बहुधा हेच असते. अर्थसंकल्प किंवा निवडणूक निकालासारख्या घटनेपूर्वी फुगलेले मासिक प्रीमियम घटना पार पडताच बसतात. म्हणून इंडिया व्हीआयएक्स हा अस्थिरतेचा निर्देशांक चढा असताना ही रचना उभारणे महागात पडते.

पहिला साप्ताहिक कॉल संपल्यावर पुढच्या आठवड्याचा कॉल विकला जातो. 28 दिवसांच्या मासिक कॉलसमोर असे तीन साप्ताहिक कॉल येतात. चौथ्या आठवड्यात दोन्हींची मुदत एकच होते आणि रचना डायगोनल राहत नाही. सर्वाधिक चूक होते ती घसरणीनंतरच्या विक्रीत. निफ्टी 24,500 वर असताना पूर्वीच्या उंचीचे कॉल जवळजवळ काहीच देत नाहीत, म्हणून विक्रेता खाली सरकून 25,000 चा कॉल विकतो आणि त्याला सुमारे 25 अंक मिळतात. आता एकूण खर्च 420 आणि स्ट्राइकमधले अंतर अवघे 200 झाल्याने पहिलीच कसोटी मोडते. बाजार जोरात उलटला, तर दिशा बरोबर येऊनही दीडशेहून अधिक अंकांचे नुकसान पक्के होऊ शकते. अशा वेळी नवा कॉल न विकता मासिक कॉल विकून बाहेर पडणे अधिक शहाणपणाचे ठरते.

शेवटची अडचण मार्जिनची, म्हणजे विक्रेत्याने ठेवायच्या तारणाची आहे. दोन वेगळ्या मुदतींचे करार परस्परांना आधार देतात म्हणून एरवी मार्जिनमध्ये सवलत मिळते. परंतु ज्या दिवशी विकलेला कॉल संपतो, त्या दिवशी ही सवलत फेब्रुवारी 2025 पासून काढून घेण्यात आली आहे. त्याआधी नोव्हेंबर 2024 पासून मुदतीच्या दिवशी विकलेल्या निर्देशांक-ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिनही लागू झाले, जे वरील उदाहरणात सुमारे 32,500 रुपये होते, म्हणजे मूळ गुंतवणुकीहून अधिक. खात्यात तेवढी शिल्लक नसेल, तर दलाल-संस्था नको त्या भावाला सौदा कापू शकते. म्हणून साप्ताहिक कॉल मुदतीच्या आदल्या दिवशी, सोमवारीच परत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मोजलेले अंक सर्वोच्च नफ्याच्या हिशेबातून आधीच वजा धरावे लागतात.