अर्धा टेम्पो आणि उशिराचा माल

समजा, भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर छोटे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. माल वेळेवर पोहोचत नाही म्हणून ग्राहकाचे फोन येतात. मालक म्हणतात, ट्रॅफिक. सुपरवायझर म्हणतो, ऑपरेटर सुट्ट्या घेतात. स्टोअरवाल्याच्या मते कच्चा मालच उशिरा येतो. प्रत्येकाच्या म्हणण्याला एखादा प्रसंग आधाराला असतोच, त्यामुळे वाद मिटत नाही.

अशा वेळी उपयोगी पडते ती काओरू इशिकावा या जपानी तज्ज्ञाची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती. एक आडवी रेघ काढायची, तिच्या उजव्या टोकाला चौकटीत समस्या लिहायची आणि रेघेला तिरके काटे जोडायचे: माणसे, यंत्रे, माल, पद्धत, मोजमाप, परिस्थिती. ज्याला जे कारण वाटते ते त्या त्या काट्यावर लिहायचे. सहा काटे असल्यामुळे ‘ऑपरेटर सुट्ट्या घेतात’ हे एका काट्यावर बसते आणि बाकीचे पाच रिकामे डोळ्यांसमोर राहतात. मग तिथे काय असेल याचा विचार करावाच लागतो.

पण आकृतीची खरी मेहनत डोक्याच्या चौकटीत आहे. ‘डिलिव्हरी उशिरा होते’ एवढेच लिहिले तर काट्यांवर जगातले सगळे काही चढते. म्हणून आधी रजिस्टर उघडायचे. आपल्या उदाहरणात 3 महिन्यांत 40 ऑर्डरी होत्या, त्यातल्या 14 उशिरा गेल्या. त्या 14 पैकी 11 ऑर्डरींच्या भागांना झिंक प्लेटिंग होते, आणि ते काम बाहेर दिले जाते. वेळेवर गेलेल्या 26 मध्ये प्लेटिंगच्या फक्त 4. वेळेवर गेलेला मालही तपासायचा असतो, हे बहुतेक ठिकाणी राहून जाते. आता चौकटीत लिहिता येते: ‘प्लेटिंगचे भाग ठरल्या तारखेपेक्षा 3 ते 5 दिवस उशिरा जातात.’ ट्रॅफिकचे कारण इथेच गळते, कारण ग्राहकाकडे जाणारा रस्ता सगळ्याच मालाला एक आहे.

काटे लिहून झाले तरी ते सगळे अंदाजच असतात. पुराव्याशी जुळणारा काटा निवडून त्यावर ‘का?’ विचारत खाली उतरायचे. टोयोटात ताइइची ओनो यांनी रुजवलेली ही पाच ‘का’ची रीत आहे. प्रत्येक उत्तर कागदावर किंवा जागेवर जाऊन पडताळल्याशिवाय पुढचा ‘का’ विचारायचा नाही.

माल उशिरा का गेला? प्लेटिंगहून उशिरा परत आला. का? इथे ‘प्लेटिंगवाला ढिला आहे’ हे उत्तर जिभेवर तयार असते. पण चलानांवरच्या तारखा पाहिल्या तर त्याने दर वेळी कामाचे दोनच दिवस घेतलेले दिसतात. माल त्याच्याकडेच उशिरा पोहोचत होता. तो का? मशीनवरून उतरलेले भाग स्टोअरमध्ये तीन-चार दिवस पडून राहत. क्रेटवरच्या टॅगची तारीख आणि बाहेर जाण्याच्या चलानाची तारीख शेजारी ठेवली की हे कळते. त्यातून टेम्पो बुधवारी संध्याकाळी निघाला, तर गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, म्हणजे आणखी एक दिवस गेला.

पडून का राहत? टेम्पो भरल्याशिवाय पाठवायचा नाही, असा परचेसचा नियम होता. स्टोअरवाला नियमच पाळत होता. ‘निष्काळजीपणा’ लिहून थांबलो असतो तर त्याला मेमो मिळाला असता आणि क्रेट तिथेच राहिले असते. नियम का झाला? महिन्याच्या तक्त्यात वाहतूकखर्चाचा रकाना होता आणि तो परचेसच्या नावावर लागे. उशिराच्या दिवसांचा रकाना कोणाच्याच तक्त्यात नव्हता.

इथे थांबता येते, कारण हे कारण कारखान्याला स्वतः बदलता येते. साखळी उलटी वाचूनही पाहावी: उशिराचा हिशोब कुठेच नव्हता, म्हणून फक्त भाडे वाचवले गेले, म्हणून टेम्पो थांबला, म्हणून माल प्लेटिंगला उशिरा गेला. कुठे ‘म्हणून’ अडखळला तर ती कडी कच्ची. आणखी एक पडताळा त्या 4 वेळेवर गेलेल्या ऑर्डरींत मिळतो. त्यांचे क्रेट दुसऱ्या कामाला निघालेल्या गाडीतून सोमवारीच गेले होते.

या रीतीची मर्यादाही मोठी आहे. एका ‘का’ला दोन खरी उत्तरे असू शकतात आणि विचारणारा आपल्या सोयीची फांदी धरतो. प्लेटिंगवाल्याला खोलीत बोलावलेच नाही, तर त्याच्यावर खापर फोडणे सर्वांत सोपे. आकडा पाचच हवा असेही नाही. कधी तीनमध्ये तळ लागतो, कधी सात लागतात.

उपाय म्हणून टेम्पो भरो न भरो, सोमवारी आणि शुक्रवारी निघेल असे ठरवता येते, आणि भाड्याशेजारी उशिराच्या दिवसांचा रकाना घालता येतो. पुढचे 2 महिने टॅग ते चलान हे अंतर मोजायचे. ते कमी झाले, पण डिलिव्हरी तेवढीच उशिरा राहिली, तर धरलेले कारण चुकले होते. आणि प्लेटिंग नसलेल्या त्या 3 उशिरा ऑर्डरींना हा उपाय लागूच होत नाही. त्यांच्यासाठी नवा कागद घ्यावा लागतो.