नळावरचा पांढरा थर आणि ॲसिडची बाटली

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात नळाच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर साचतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचा. तो साबणाने निघत नाही, आम्लात विरघळतो. म्हणून अनेकजण संडास साफ करायची बाटली उचलतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

त्या बाटलीत बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते चुना झटक्यात काढतं, पण नळावरचा क्रोमचा पातळ मुलामाही खातं. आधी चमक जाते, मग आतलं पितळ पिवळट दिसू लागतं. हा डाग नव्हे, मुलामाच गेलेला असतो; घासून तो परत येत नाही. स्टीलच्या सिंकवर त्यातल्या क्लोराइडमुळे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. सिंकखाली उघडी ठेवलेली बाटलीसुद्धा वाफेने स्टील गंजवते.

त्यापेक्षा किराणा दुकानातलं लिंबूफूल बरं. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवा. शॉवरची जाळी काढून त्यात अर्धा तास बुडवा. बुडबुडे थांबले की ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. नळाला याच पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळा. जाड थर असेल तर वेळ वाढवू नका, पुन्हा करा. त्यात खाण्याचा सोडा घालू नका. फेस छान येतो, पण आम्लाचा जोर मरतो.

काळ्या किंवा सोनेरी नळांना मात्र साबणपाणीच लावा, आणि कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका: विषारी क्लोरीन वायू सुटतो.