राणीच्या बागेतला दगडी हत्ती आणि तीन मिनिटांची संहिता

भायखळ्याच्या राणीच्या बागेत शाळांच्या सहली येतात त्या बहुतेक प्राणी पाहायला. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या इमारतीबाहेर, उघड्यावर, एक काळा दगडी हत्ती उभा आहे. मुलं त्याच्याजवळून जातात, ‘हत्ती!’ म्हणून ओरडतात आणि पुढे निघतात. ओळख पटायला एक क्षण पुरतो. ओळख पटली की पाहणं संपतं. शाळकरी पाहुण्यांसाठी एखाद्या वस्तूची ओळख करून देणारी चित्रफीत लिहिणाऱ्यापुढे खरी अडचण असते ती हीच. मुलांना ठाऊक नसलेली वस्तू त्या मानाने सोपी असते. ठाऊक असल्यासारखी वाटणारी वस्तू अवघड.

या हत्तीची हकिगत आधी पाहू. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. किनाऱ्यावर, उतरण्याच्या जागेपासून जवळच तो उभा होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. एका अखंड खडकातून तो कोरला होता. त्याची लांबी १३ फुटांच्या आसपास आणि उंची ७ फुटांच्या वर असल्याची जुनी नोंद आहे. काही जुन्या वर्णनांत त्याच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी असल्याचाही उल्लेख येतो. सप्टेंबर १८१४ मध्ये हत्तीचं डोकं आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा बेत झाला, पण उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून ठेवले गेले. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्यूएट यांनी ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला. संग्रहालयाची आजची इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ती उभी राहावी म्हणून झटणाऱ्यांत गोव्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड होते. १९७५ पासून संग्रहालय त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

एवढी माहिती हाताशी आली की ती सगळी संहितेत घालावीशी वाटते. गाळायचं काय, हे ठरवायला एक साधी कसोटी आहे. प्रत्येक वाक्यापुढे विचारायचं: हे ऐकून मूल हत्तीच्या कोणत्या भागाकडे पाहील? ‘इमारत १८७२ मध्ये खुली झाली’ हे वाक्य ऐकून ते हत्तीकडे पाहणार नाही, म्हणून ते जातं. भाऊ दाजींचं नाव महत्त्वाचं असलं तरी ते इमारतीच्या चित्रफितीत शोभेल, हत्तीच्या नाही. ‘डोकं आणि मान गळून पडली’ हे ऐकलं की नजर सरळ मानेकडे जाते, म्हणून ते राहतं. पाठीवरच्या प्राण्याचा मोह सोडवत नाही, पण त्याचं उत्तर नुसत्या नजरेनं मिळणारं नाही. तो शिक्षकांच्या कागदावर टाकायचा. शेवटी उरतात चारच गोष्टी: हत्ती कुठे होता, केवढा होता, कसा मोडला आणि पुन्हा कसा उभा राहिला.

दुसरी मर्यादा वेळेची. चौथी ते सातवीच्या मुलांसाठी निवेदन मिनिटाला साधारण नव्वद शब्दांच्या वेगाने ठेवलं तर ते कानात शिरतं. तीन मिनिटांत म्हणजे २७० शब्द मावतात. पण तेवढे लिहिले तर मुलांना हलायला आणि आपसांत बोलायला जागा राहत नाही. म्हणून निवेदन दीडशे शब्दांच्या आत ठेवायचं आणि उरलेला वेळ मोकळा सोडायचा. साल कानाने लक्षात राहत नाही. आकडा पडद्यावर दाखवायचा आणि निवेदकाने ‘पन्नास वर्षांनी’ म्हणायचं, म्हणजे अंतर कळतं.

संहिता दोन रकान्यांत लिहितात, एकात दृश्य आणि दुसऱ्यात निवेदन. खालची संहिता या लेखासाठी नमुना म्हणून लिहिलेली आहे. मुलं आतल्या खोलीत बसून चित्रफीत पाहतील आणि मग बाहेर हत्तीकडे जातील, असं तिच्यात धरलं आहे.

प्रसंग १
दृश्य: होडीतून दिसणारं घारापुरी बेट, हळूहळू जवळ येणारं.
निवेदन: मुंबईजवळ समुद्रात एक बेट आहे, घारापुरी. फार पूर्वी पोर्तुगीज लोक जहाजातून तिथे आले. किनाऱ्याजवळ त्यांना एक हत्ती दिसला. पण तो हलत नव्हता.

प्रसंग २
दृश्य: हत्तीचं रेखाटन, आधी पाय, मग पाठ. पूर्ण हत्ती दाखवायचा नाही.
निवेदन: तो दगडाचा होता. एकाच मोठ्या खडकातून कोरलेला. पोर्तुगीजांनी बेटाला त्याच्यावरूनच नाव दिलं, एलिफंटा. तो केवढा होता? तुमच्यापैकी तिघांनी उठा, एका रांगेत उभे राहा आणि हात पसरा. साधारण एवढा लांब.
(वीस सेकंद निवेदन नाही.)

प्रसंग ३
दृश्य: काळा पडदा. एकामागून एक आकडे: १८१४, १८६४, १९१४.
निवेदन: एकदा त्याचं डोकं आणि मान गळून पडली. पन्नास वर्षांनी त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना तो कोसळला. तुकडे झाले. (पाच सेकंद थांबणे.) ते तुकडे मुंबईत आणले. आणखी पन्नास वर्षांनी दोन माणसांनी ते पुन्हा जोडले.

प्रसंग ४
दृश्य: खोलीचं दार आणि बाहेर जाणारी वाट.
निवेदन: तो हत्ती आता बाहेर उभा आहे. त्याच्याभोवती एक फेरी मारा. हात लावू नका, डोळे लावा. तो कुठे कुठे तुटला होता ते शोधा. तुम्हाला ते कशावरून कळलं? आणि एक प्रश्न दिवसभर सोबत ठेवा: इथल्या बऱ्याच वस्तू आधी दुसरीकडे होत्या. इथे येताना त्यांचं काय मागे राहिलं?

या संहितेत हत्ती एकदाही पूर्ण दिसत नाही, हे मुद्दाम केलं आहे. पडद्यावर जोड जवळून दाखवले असते तर बाहेर जाऊन शोधायला काही उरलं नसतं. छायाचित्रकाराला हे पटवून द्यावं लागतं, कारण जोडांच्या रेषा कॅमेऱ्यात छान दिसतात. पण चित्रफितीने उत्तर दाखवलं की मूल हत्तीजवळ जाऊन पाहिलेलंच पुन्हा पाहतं. हात पसरण्याच्या प्रसंगाचंही असंच. १३ फूट हा आकडा दहा वर्षांच्या मुलाला फारसं काही सांगत नाही. त्या वयाच्या मुलाचे पसरलेले हात साडेचार फुटांच्या आसपास भरतात, म्हणून तिघं पुरतात. बाहेर गेल्यावर तीच तिघं हत्तीशेजारी पुन्हा उभी राहतात आणि जोडलेला हत्ती अजून तेवढाच आहे का, हे स्वतःच ताडून पाहतात. ते त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो शेवटच्या प्रसंगातल्या प्रश्नांवर. बिघडलेले प्रश्न साधारण दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा प्रश्न पाटीवर संपतो: ‘हत्ती कोणत्या साली जोडला?’ मुलं धावत पाटीपाशी जातात, साल उतरवून घेतात आणि हत्तीकडे पाठ करून उभी राहतात. दुसऱ्या जातीच्या प्रश्नाला कोणतंही उत्तर चालतं: ‘हत्ती पाहून तुम्हाला काय वाटलं?’ पन्नासातली चाळीस मुलं ‘छान वाटलं’ म्हणणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात जॉश गटविल आणि स्यू ॲलन यांनी सहलीच्या गटांना प्रश्न विचारायला शिकवण्याचे प्रयोग केले. त्यांनी चांगल्या प्रश्नाच्या दोन अटी धरल्या: विचारताना गटातल्या कोणालाच उत्तर माहीत नसावं, आणि ते त्या वस्तूपाशीच काही करून शोधता यावं. ‘कुठे कुठे तुटला होता?’ हा प्रश्न दोन्ही अटींत बसतो. त्याला जोडलेलं ‘कशावरून?’ अंदाज आणि पुरावा वेगळे करतं. एक मुलगा म्हणेल, ‘पाय तुटला होता.’ दुसरी विचारेल, ‘कशावरून?’ मग त्याला दगडाचा बदललेला रंग किंवा जोडाची रेषा बोटाने दाखवावी लागते.

सोबत न्यायचा प्रश्न मात्र वेगळा असतो. तो हत्तीपाशी सुटत नाही. हत्ती त्याचं पहिलं उदाहरण असतो. समुद्रकिनाऱ्यावर, होडीतून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसणारा हत्ती आता भायखळ्यात आहे. त्याचा किनारा मागे राहिला. एवढं एक उत्तर हाती आलं की मुलं आत जाऊन तोच प्रश्न इतर वस्तूंना लावतात. संहितेत ‘प्रत्येक वस्तू’ न लिहिता ‘बऱ्याच वस्तू’ लिहिलं आहे, ते मुद्दाम. आत मुंबईतल्या वेगवेगळ्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत आणि त्या या संग्रहालयासाठीच घडवलेल्या आहेत. त्या कुठूनही आल्या नाहीत, म्हणून त्यांचं काहीही मागे राहिलं नाही. प्रश्न न बसणारी वस्तू ज्याला सापडते, त्याला प्रश्न नीट कळलेला असतो.

संहिता पक्की करण्याआधी ती सहा-सात मुलांना ऐकवायची. त्यांना ‘आवडली का?’ विचारायचं नाही. हत्तीकडे पाठवायचं आणि ती पाटीकडे वळतात की हत्तीच्या मागच्या बाजूला जातात, हे लांबून पाहायचं. मागच्या बाजूला गेली तर चौथा प्रसंग ठीक आहे. पाटीकडे गेली तर त्यातला शोधायचा प्रश्न पुन्हा लिहायचा. मग त्यांनाच हकिगत सांगायला लावायची. ‘डोकं पडलं, मग तुकडे झाले, मग जोडले’ हा क्रम आला तर तिसरा प्रसंग जमला. क्रम उलटा आला तर बहुधा थांबण्याची जागा कमी पडलेली असते, शब्द नव्हे.

काही गोष्टी चित्रफितीच्या हाताबाहेर असतात. मुंबईत मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा येतात. प्रत्येक भाषेत निवेदन नव्याने लिहावं लागतं, नाहीतर मराठीतल्या छोट्या वाक्यांची दुसऱ्या भाषेत लांबण होते आणि थांबण्याच्या जागा भरून जातात. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी खाली मजकूर हवाच, आणि तोही इतका थोडा की वाचता वाचता पडद्यावरचं चित्र सुटू नये. पन्नास मुलं एकदम हत्तीभोवती गेली तर मागच्यांना पाठीच दिसतात. म्हणून शिक्षकांच्या कागदावर पहिली सूचना दहा-दहाचे गट करण्याची असते आणि दुसरी उत्तर न सांगण्याची. पाठीवरच्या प्राण्याची हकिगत त्याच कागदावर तिसरी येते. पाठीवर आणखी कोणी होतं का, असं एखाद्या मुलाने आपणहून विचारलं तरच ती सांगायची.