ओवीच्या चौदा नोंदी

पहिलं सत्र संपताना बालवाडीच्या पालकसभेत जो कागद हातात पडतो, त्यावर साधारण असे शेरे असतात: ‘बोलण्यात संकोच’, ‘अंकओळख समाधानकारक’, ‘चित्रकलेची आवड’. हे शेरे वाचून आईच्या हाती काही लागत नाही. मूल कुठे बोलत नाही, कुणाशी बोलत नाही, त्याला अंक नुसते म्हणता येतात की समोरच्या वस्तूही मोजता येतात, यातलं काहीच त्यात नसतं. शेरा खोटा असतो असं नाही. पण तो कशावरून दिला हे विचारलं, तर दाखवायला काही नसतं.

तो ‘कशावरून’ सांगणारी एक पद्धत बालशिक्षणात जुनी आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या माल्टिंग हाउस शाळेत १९२४ पासून सुझन आयझॅक्स आणि त्यांचे सहकारी मुलांचं वागणं-बोलणं जसंच्या तसं टिपून ठेवत. त्या टिपणांवर उभं राहिलेलं त्यांचं पुस्तक १९३० साली आलं. आपल्याकडे २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं मूल्यमापन करण्याचे दोन मुख्य मार्ग सांगितले आहेत: मुलाचं निरीक्षण आणि त्याने स्वतः केलेल्या कामाचा अभ्यास. प्रत्यक्ष बालवाडीत याचं रूप साधं असतं. प्रसंग घडला की लिहिलेल्या छोट्या नोंदी आणि तारीख घालून ठेवलेले कामाचे नमुने.

हे कसं चालतं ते एका मुलीच्या सत्रभराच्या फाइलवरून पाहू. मुलगी उदाहरणासाठी उभी केलेली आहे. तिला ओवी म्हणू. वय पाच वर्षं, बालवाडीचा मोठा गट, गाव अमरावतीकडचं, घरची बोली वऱ्हाडी. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, त्यामुळे फाइल जुलैपासून दिवाळीच्या सुटीपर्यंतची आहे.

वर्गात पंचवीस मुलं. ताई रोज पाच मुलांची नावं ठरवून ठेवतात आणि त्या दिवशी त्यांच्यावर जरा जास्त लक्ष ठेवतात. म्हणजे आठवड्यात प्रत्येक मुलाची एक नोंद होते. सणांच्या सुट्या आणि गैरहजेरी वजा जाता ओवीच्या वाट्याला सत्रात चौदा नोंदी आल्या. एक नोंद तीन-चार ओळींची असते. तारीख, वेळ, जागा, जवळ कोण होतं, काय घडलं आणि मूल काय बोललं, एवढंच तिच्यात येतं. ताईंच्या खिशात छोटी वही असते. तिथे दोन शब्द खरडायचे आणि मुलं घरी गेल्यावर त्याच दिवशी नोंद पुरी करायची. शनिवारी बसून आठवडाभराचं एकदम लिहिलं, तर मुलाचे शब्द विसरलेले असतात आणि त्यांच्या जागी आपलं मत येऊन बसतं.

ओवीची पहिली नोंद अशी आहे:

‘३ जुलै, सकाळी १०.२०, गोलात. सगळ्यांनी सुटीत कुठे गेलो ते सांगितलं. ओवीची पाळी आली तेव्हा तिने मान खाली घातली, फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली. “पुढे जाऊ का?” विचारल्यावर मान हलवली.’

यात ‘लाजाळू’ हा शब्द नाही. लाज दिसत नाही; मान खाली घातलेली दिसते. मान खाली घालण्याची कारणं अनेक असू शकतात. प्रश्न कळला नसेल, मोठ्या गोलाची भीती वाटली असेल, शाळेची भाषा परकी वाटली असेल, नीट ऐकूही आलं नसेल. ‘लाजाळू’ लिहिलं की ही सगळी दारं पहिल्याच आठवड्यात बंद होतात.

पुढच्या दोन आठवड्यांतही गोलातली नोंद अशीच निघाली. तेव्हा ताईंच्या लक्षात आलं, की तिन्ही नोंदी एकाच जागेच्या आणि एकाच वेळच्या आहेत. चौथ्या आठवड्यात त्यांनी ओवीला भातुकलीच्या कोपऱ्यात पाहिलं.

‘२४ जुलै, ११.०५, भातुकली, सोबत एक मुलगी. ओवीने दोन कपांत खोटा चहा ओतला. एक कप मैत्रिणीपुढे धरून म्हणाली, “साखर नाही टाकली वं आजी, तुले शुगर हाय ना.” मैत्रिणीने बिस्कीट मागितलं. ओवी: “बिस्कीट बी नाही. डॉक्टरनं सांगतलं.”’

या चार ओळींनी चित्र पालटलं. ओवी पूर्ण वाक्यं बोलते, कारण सांगते, दुसऱ्याची भूमिका लक्षात ठेवून उत्तर देते. हे तिचे शब्द वऱ्हाडीतच टिपायला हवेत. ते ‘शुद्ध’ करून लिहिले, तर तिला घरच्या बोलीत किती येतं हेच नोंदीतून पुसलं जाईल. तिची अडचण बोलण्यात नव्हती, पंचवीस जणांसमोर बोलण्यात होती. मग ताईंनी गोलाआधी मुलांना जोड्यांमध्ये बोलायला बसवायला सुरुवात केली आणि स्वतः अधूनमधून वऱ्हाडीत बोलू लागल्या. ऑक्टोबरच्या एका नोंदीत ओवीने गोलात एकच वाक्य बोलल्याचं लिहिलं आहे, तेही जोडीदारणीने आधी सुरुवात केल्यावर. नोंद तेवढंच सांगते. ‘आता छान बोलते’ असं म्हणायला एक वाक्य पुरेसं नाही.

मोजण्याच्या नोंदी याहून बारकाईने वाचाव्या लागतात. जुलैमध्ये ताईंनी आठ चिंचोके पसरून ठेवले आणि मोजायला सांगितलं. ओवीने एक ते दहा न चुकता म्हटलं. बोट मात्र आकड्यांच्या मागे राहिलं. एक चिंचोका तिने दोनदा मोजला आणि शेवटच्या चिंचोक्यावर बोट असताना दोन आकडे म्हटले. उत्तर आलं, ‘दहा’. “म्हणजे किती आहेत?” असं विचारल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

‘मोजता येत नाही’ हा निष्कर्ष इथे ढोबळ ठरतो. मोजण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. आकड्यांचा क्रम पाठ असणं ही एक. प्रत्येक वस्तूला एकच आकडा देणं ही दुसरी. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्या वस्तूंची संख्या, हे कळणं ही तिसरी. मुलं मोजायला कशी शिकतात यावर रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल यांनी १९७८ साली केलेली मांडणी आजही याच अंगाने वापरली जाते. ओवीकडे पहिली गोष्ट होती, दुसरी डळमळीत होती आणि तिसरी अजून यायची होती. हे कळल्यावर उपायही नेमका झाला. शंभरपर्यंत आकडे पाठ करून घेण्याऐवजी ताईंनी मोजलेला चिंचोका उचलून वाटीत टाकायला शिकवलं, म्हणजे एकच चिंचोका दोनदा मोजला जात नाही.

ऑगस्टमध्ये खाऊ वाटताना ओवीने सहा मुलांपुढे एकेक वाटी ठेवली, शेवटच्या मुलाकडे पाहून “एक कमी पडली” म्हणाली आणि स्वतः जाऊन वाटी आणली. ऑक्टोबरमध्ये नऊ चिंचोके वाटीत टाकत मोजले आणि “किती?” विचारल्यावर पुन्हा न मोजता “नऊ” म्हणाली. तेच नऊ लांब लांब पसरले, तेव्हा मात्र ते वाढले असं वाटून ती परत मोजायला बसली. पाचव्या वर्षी हे अपेक्षितच आहे. वस्तू पसरल्या तरी संख्या तीच राहते हे मुलांना सहसा आणखी एक-दोन वर्षांनी पक्कं कळतं.

फाइलच्या दुसऱ्या कप्प्यात कामाचे नमुने आहेत, एकूण सात. त्यातले तीन एकाच कामाचे आहेत, ‘स्वतःचं चित्र काढ’. मुद्दाम तेच काम दर सहा-सात आठवड्यांनी दिलेलं. जुलैच्या चित्रात एक मोठं गोल डोकं आणि त्यालाच लटकलेले दोन पाय आहेत. तीन-चार वर्षांची मुलं माणूस असाच काढतात, काहींचा तो पाचव्यातही टिकतो. ऑक्टोबरच्या चित्रात डोक्याखाली धड आलं, हात धडातून निघाले आणि एका हाताला सहा बोटं आहेत. पण मधलं, ऑगस्टचं चित्र जुलैपेक्षाही कच्चं आहे. नुसतं पाहिलं तर मुलगी मागे गेली असं वाटेल. कागदाच्या मागे ताईंनी लिहिलं आहे: ‘सुटायला दहा मिनिटं होती. ताप येऊन गेल्यावरचा पहिला दिवस. मदत नाही.’ मागच्या या ओळीमुळे पुढचं चित्र बरोबर वाचता येतं.

प्रत्येक नमुन्यामागे म्हणूनच चार गोष्टी लागतात: तारीख, काय सांगितलं होतं, मदत केली की नाही आणि मूल त्याबद्दल काय म्हणालं. ताईंनी आखून दिलेल्या बैलावर पंचवीस मुलांनी कापूस चिकटवला, तर पोळ्याला भिंत छान सजते. पण त्या बैलातून एकाही मुलाबद्दल काही कळत नाही. फाइलमध्ये फक्त सुंदर चित्रं ठेवली, तरी तोच घोटाळा होतो. खोडलेलं, अर्धवट, उलट्या अक्षराचं नाव लिहिलेलं पान ठेवलं, तरच पुढच्या पानाशी ताडून पाहता येतं.

नोंदींमध्ये आणखी एक चूक हळूच शिरते. धावणाऱ्या, भांडणाऱ्या मुलांच्या नोंदी आपोआप वाढतात आणि गप्प मुलांची पानं कोरी राहतात. महिन्यातून एकदा सगळ्या मुलांच्या नोंदी नुसत्या मोजल्या, तरी हे उघडं पडतं. मग कोणत्या जागेच्या नोंदी आहेत तेही पाहायचं. मैदानावरची एकही नसेल, तर पुढच्या आठवड्यात त्या मुलाला तिथेच पाहायचं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पंचवीस मुलांचं लिहिणं हे रोजचं काम आहे, आणि साठ मुलांना एकच बाई असेल तर ते निभत नाही. शिवाय नोंद म्हणजे निदान नव्हे. ओवीच्या बाबतीत ऐकण्याची शंका भातुकलीच्या नोंदीने मिटली, कारण शेजारच्या मुलीच्या बोलण्याला ती लगेच उत्तर देत होती. पण एखादं मूल वेगवेगळ्या जागी, आठवड्यांमागून आठवडे, पाठीमागून हाक मारल्यावर वळतच नसेल, तर तारखांसकट त्या नोंदी घेऊन पालकांनी बालरोगतज्ज्ञांकडे जायला हवं. शेऱ्यापेक्षा त्या नोंदी डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतात.

सत्राच्या शेवटी चौदा नोंदी आणि सात नमुने समोर ठेवून ताईंनी एक पान लिहिलं. नियम एकच: किमान दोन वेगवेगळे पुरावे असल्याशिवाय कोणतंही विधान करायचं नाही. बोलण्याबद्दल त्यात लिहिलं आहे: ‘एक-दोन मैत्रिणींबरोबर पूर्ण वाक्यांत, कारण देऊन बोलते (२४ जुलै, १८ ऑगस्ट, ९ सप्टेंबर). मोठ्या गोलात क्वचित. पुढच्या सत्रात चार जणांच्या गटात सांगायची संधी द्यायची.’ इतर मुलांशी तुलना नाही, श्रेणी नाही. जुलैची ओवी आणि ऑक्टोबरची ओवी एवढीच तुलना आहे.

असं पान तयार करायला शाळेने वेळ दिला पाहिजे, आणि तो वेळ मागण्याचा हक्क पालकांना आहे. पालकसभेत ‘बोलण्यात संकोच’ असा शेरा हाती आला, तर नम्रपणे एवढंच विचारावं: ताई, हे कधी दिसलं, कुठे दिसलं आणि तेव्हा जवळ कोण होतं? ज्या बालवाडीत याचं उत्तर वही उघडून मिळतं, तिथे आपल्या मुलाकडे खरोखर कुणीतरी पाहत आहे.