चार फुटी टाकीचं ओझं

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. दुकानात रिकामी टाकी दोघं उचलतात, म्हणून तिच्या वजनाचा विचार होत नाही. पण तिच्यात सुमारे 300 लिटर पाणी मावतं, म्हणजे 300 किलो. दहा मिलिमीटर काचेचे साठेक किलो, वाळूचे चाळीस, स्टँडचे तेवढेच. एकूण 440 किलो, तेही अर्ध्या चौरस मीटरवर.

राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला 200 किलो धरून आखतात. टाकीखाली त्याच्या चौपट भार येतो. तरी स्लॅब लगेच खचत नाही, कारण तो आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो आणि एवढा भार आजूबाजूला वाटला जातो. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध नको, बीमवरच्या भिंतीलगत हवी. बाहेर झुकलेल्या बाल्कनीत तर नकोच. जुनी इमारत असेल, स्लॅबला तडे किंवा गळती असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

माझ्या मते खरा धोका बहुधा स्टँडचा असतो. उभा भार चार पाय पेलतात, पण तिरक्या पट्ट्या नसतील तर धक्क्याने सांगाडा आडवा कलतो. एक पाय आखूड असला, की काच पिळली जाते आणि सिलिकॉनचा सांधा सुटतो. टाकी अर्धी भरून थांबा. पाण्याची पातळी चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून मोजा. फरक दिसला, तर पाणी काढा आणि पाचर टाकीखाली नव्हे, स्टँडच्या पायाखाली घाला.