प्रस्तावना कुणी लिहायची?

परवा एका मैत्रिणीने तिच्या कवितासंग्रहाचं हस्तलिखित दाखवलं. पहिल्याच पानावर ‘प्रस्तावना’, आणि खाली सही तिचीच!

मी म्हटलं, अगं, हे तुझं ‘मनोगत’. पुस्तक का लिहिलं, कसं घडलं, हे सांगायचा हक्क लेखकाचाच. प्रस्तावना मात्र दुसऱ्याने लिहायची.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) बघा. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. कवितेतलं गोलपिठ्याच्या वस्तीचं जग त्यांच्याही ओळखीचं नव्हतं. म्हणून ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले, न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारले, मग लिहिलं. अनोळखी वाचकाला आत जायची वाट मिळाली.

म्हणून नुसतं मोठं नाव शोधू नका. हस्तलिखित पूर्ण वाचणारा माणूस शोधा. प्रस्तावनेत एकाही कवितेचा उल्लेख नसेल, तर ती न वाचताच लिहिलीय असं समजा.

तुमचं हस्तलिखित तयार असेल तर विचारा, जमेल तेवढं सांगेन.